जेपेग फिरवला, कापला की दरवेळी बिघडतो का? (मोडी कागदांचे स्कॅन, मदत हवी)

जाईजुई

सासरच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत आजेसासऱ्यांचं दप्तर निघालं. मोडीतले साधारण तीनशे चाळीस कागद: कर्जरोखे, वाटणीपत्रं, थोडी घरगुती पत्रं. गावातल्या एका दुकानातून सगळे स्कॅन करून घेतले. रंगीत, ३०० डीपीआय, ए४. पोराने कागद आडवे घातले, त्यामुळे सगळी पानं कुशीवर झोपलेली आली. त्यातही पाठपोट कागद असल्याने निम्मी पानं डाव्या कुशीवर, निम्मी उजव्या.

मी फोनवरच्या गॅलरीत एकेक पान फिरवून सेव्ह करत गेले. काही चुकून उलटी फिरली, ती पुन्हा फिरवली. मग कडेची काळी पट्टी कापली, पुन्हा सेव्ह. कापताना अक्षर गेलं तर परत. एकेका पानाला चार-पाच वेळा तरी हात लागला असेल. काल मोडी वाचणाऱ्या ओळखीच्या काकांना पन्नास पानं पाठवली. त्यांचा फोन आला, "अगं, अक्षरांभोवती मुंग्या का आल्यात?" झूम करून पाहिलं तर खरंच, शाईच्या कडेला राखाडी ठिपक्यांची जाळी. फाईल पाहिली तर २.१ एमबीची १.१ झालेली.

फिरवल्याने चित्र बिघडावं हे मला पटत नाही. कागद टेबलावर फिरवला म्हणून शाई पुसट होते का? बिघडू न देता फिरवायचं आणि कापायचं कसं? आणि जी बिघडली ती दुरुस्त होतील का?

पांढरा_उंदीर

सोप्पंय. सेव्ह करताना क्वालिटी १०० ठेवायची. मग काही जात नाही. मी कायम हेच करतो. फाईल जरा फुगते एवढंच.

विदिशा

मलाही हवंय हे! परीक्षेच्या फॉर्मला फोटो ५० केबीच्या आत मागतात, माझा ३ एमबीचा आहे. न बिघडवता छोटा कसा करायचा?

दत्ता_कंपोझिटर

विदिशाताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे. छोटा करायचा म्हणजे काहीतरी टाकून द्यावंच लागणार, तिथे "न बिघडवता" हे नाहीच. वेगळा धागा काढा, सांगतो.

उंदीरमामा, अर्धं बरोबर. १०० वर नुकसान कमी होतं, शून्य होत नाही. जेपेग उघडला की त्याचे पिक्सेल बनवले जातात, तिथे आकडे जवळच्या पूर्ण आकड्यावर छाटले जातात, रंगांचं रूपांतर होतं. सेव्ह करताना तेच सगळं उलट, पुन्हा छाटणी. १०० वर ती बारीक असते इतकंच. वर फाईल मूळ स्कॅनपेक्षा मोठी होते आणि त्या जादा केबीत नवीन माहिती काहीच नसते.

जाईजुई, तुमचं टेबलावरच्या कागदाचं उदाहरण बरोबर आहे, फक्त तुमची गॅलरी कागद फिरवत नव्हती. ती कागदाची हाताने नक्कल काढत होती आणि ती नक्कल आडवी काढत होती. पाच वेळा फिरवलं म्हणजे नकलेच्या नकलेची नक्कल.

मी छापखान्यात प्रीप्रेसला तीस वर्षं काढली, तिथल्या भाषेत सांगतो. जेपेग चित्र म्हणजे फरशी बसवलेली खोली. एकेक फरशी ८ बाय ८ पिक्सेलची. फरशीच्या आत पिक्सेल साठवलेले नसतात, ६४ आकडे असतात: सरासरी उजेड किती, आडवी लहर किती, उभी लहर किती असे. दाबताना हे आकडे ओबडधोबड केले जातात आणि लहान असतील ते शून्य होतात. मुख्य नुकसान होतं ते इथेच.

आता फरशी काटकोनात फिरवायची तर हे आकडे नव्याने काढावे लागत नाहीत. आडव्या लहरीचे आकडे उभ्याच्या जागी नेऊन ठेवायचे, काहींचं चिन्ह अधिकचं उणे करायचं, आणि फरशा खोलीत नव्या जागी मांडायच्या. एकही आकडा पुन्हा ओबडधोबड होत नाही. शंभर वेळा फिरवा, आकडे तेच. हे करणारी आज्ञा म्हणजे `jpegtran`. लिबजेपेग-टर्बोबरोबर फुकट येते, उबंटूवर `libjpeg-turbo-progs` या नावाचं पॅकेज आहे. विंडोजवाल्यांसाठी इरफानव्ह्यूमध्ये प्लगइन टाकून `JPG Lossless Rotation` आणि `JPG Lossless Crop` मिळतात.

बिघडलेली पानं मात्र दुरुस्त होणार नाहीत. गेलेले आकडे गेले. मूळ फायली ठेवल्यात ना?

जाईजुई

नाही हो काका. त्याच फायलींवर सेव्ह केलं. 😞

निशाचर

ताई, दुकानाने फक्त जेपेग दिल्या होत्या की पीडीएफ पण? हे लोक बहुतेक वेळा दोन्ही देतात.

जाईजुई

पेनड्राईव्हवर एक भली मोठी पीडीएफ आहे खरी. उघडली होती, तीही आडवीच आहे म्हणून सोडून दिली. पण पीडीएफमधून पान काढायचं म्हणजे स्क्रीनशॉट ना? तो अजून वाईट येणार.

निशाचर

अजिबात स्क्रीनशॉट नको! स्कॅनच्या पीडीएफमध्ये बऱ्याचदा जेपेग जशीच्या तशी घडी घालून ठेवलेली असते. आधी आत काय आहे ते बघा, मग बाहेर काढा:

```
pdfimages -list daptar.pdf
mkdir mool
pdfimages -all daptar.pdf mool/pan
```

पहिल्या आज्ञेच्या यादीत `enc` नावाचा रकाना आहे. तिथे `jpeg` असेल तर शेवटची आज्ञा ती फाईल हात न लावता बाहेर ठेवते. नवी नक्कल होत नाही.

मोडीप्रेमी

या मुंग्यांचा त्रास आम्हा वाचणाऱ्यांना विचारा. मोडीत ओळभर शिरोरेघ आधी ओढतात आणि त्याखाली न थांबता लिहीत जातात, शब्द तोडत नाहीत. त्यामुळे कुठलं वळण कुठल्या अक्षराचं हे बारीक जोडरेघेवरून ठरतं. हिशेबाच्या कागदात तर आणे दाखवायला लहानशा रेघा असतात. जाळी आली की खरी रेघ कुठली आणि डाग कुठला हे कळत नाही. अशा एका रोख्यात मी दोन आणे जास्त वाचले होते.

जाईजुई

निशाचर, तुमच्या तोंडात साखर पडो! `enc` मध्ये `jpeg` आहे. पानं निघाली, ३५०८ बाय २४८०, आकार २ एमबीच्या आसपास. मुंग्या नाहीत! पण मोजली तर ३१४ च आहेत. २६ पानं पीडीएफमध्ये नाहीत. ती बहुतेक दुसऱ्या दिवशी केलेली.

आता फिरवायला घेते. दोन फोल्डर केलेत, एकात घड्याळाच्या दिशेने फिरवायची, दुसऱ्यात उलट.

निशाचर

हे घ्या. फोल्डरमध्ये उभं राहून चालवा, निकाल शेजारच्या `saral` फोल्डरमध्ये जाईल. दुसऱ्या फोल्डरला ९० च्या जागी २७० घाला.

```
mkdir -p ../saral
for f in *.jpg; do
  jpegtran -copy all -rotate 90 -outfile ../saral/"$f" "$f"
done
```

जाईजुई

पहिलं फोल्डर झकास झालं. दुसऱ्यात गंमत आहे. पान सरळ झालंय, पण सगळ्या पानांच्या अगदी खालच्या कडेला केसाएवढी एक पट्टी आहे, तिथे भलतंच काहीतरी दिसतं. बहुतेक पानांवर ती काळी किंवा पिवळट आहे. एका पानात मात्र वर समासात लिहिलेल्या "श्री"चा तुकडा खाली आलाय असं वाटतं. आज्ञा तीच, दुकान तेच, मग एका बाजूला बरोबर आणि दुसऱ्या बाजूला चूक कसं?

पांढरा_उंदीर

फाईल करप्ट झाली असणार. पेनड्राईव्ह बदला.

दत्ता_कंपोझिटर

पेनड्राईव्हचा काही दोष नाही, मामा. पट्टी चार पिक्सेलची असणार, मोजून बघा.

पुन्हा खोलीत येऊ. रंगीत जेपेगमध्ये रंगाची माहिती बहुधा अर्ध्या बारकाव्याने ठेवतात, म्हणून चार फरशांचा एक चौक एकत्र हलवावा लागतो, १६ बाय १६ चा. आता २४८० ला १६ ने भागा: बरोबर १५५. ३५०८ ला भागा: २१९ पूर्ण आणि ४ पिक्सेल उरतात. म्हणजे एका भिंतीला फरशी तोडून बसवावी लागली. आणि जेपेगचा कडक नियम असा की तोडलेली फरशी फक्त उजव्या किंवा खालच्या भिंतीला चालते. डाव्या आणि वरच्या भिंतीला पूर्णच लागते, कारण मोजणी तिथून सुरू होते.

तुमच्या आडव्या पानात ही तोडलेली फरशी उजव्या कडेला आहे. घड्याळाच्या दिशेने फिरवलं की उजवी कड खाली येते. खाली चालते, सगळं आनंदात. उलट फिरवलं की तीच उजवी कड वर जायला हवी. वर चालत नाही. मग `jpegtran` काय करतो, तर ती पट्टी खालीच ठेवतो आणि बाकीचं पान बरोबर फिरवतो. म्हणून वरचा "श्री" खाली आला.

आणि तो हे गुपचूप करतो, चूक झाली म्हणून ओरडत नाही. त्याच्या मते चूक नाहीच, कारण उलट फिरवलं की मूळ चित्र तंतोतंत परत मिळतं. म्हणून `-perfect` लावायची सवय ठेवा. जमणारं नसेल तर ती फाईल तो करतच नाही, `transformation is not perfect` म्हणतो आणि थांबतो.

निशाचर

माझी चूक, `-perfect` घालायला हवं होतं. मी एक चाचणी करतो ती पण यात फसली असती: ९० फिरवायचं, मग २७०, आणि दोन्हींचे पिक्सेल जुळवायचे.

```
djpeg mool.jpg | md5sum
djpeg parat.jpg | md5sum
```

दोन्ही आकडे सारखे आले की मी खूश. पण पट्टी उलट जाऊन परत येत असेल तर हेही सारखेच येणार!

दत्ता_कंपोझिटर

बरोबर पकडलंत. ती चाचणी "काही हरवलं नाही" एवढंच सांगते, "मधलं चित्र नीट आहे" हे सांगत नाही. आणि फायलींचेच `md5sum` घेऊ नका, ते वेगळे येऊ शकतात. आकडे तेच असले तरी लिहिण्याचा क्रम बदलतो, त्यामुळे फिरवलेल्या फाईलचा आकारही थोडा कमीजास्त होतो. किंचित फरकाला घाबरू नका. २.१ चं १.६ झालं तर मात्र समजा की कोणीतरी नक्कल काढली.

जाईजुई

मग त्या १५७ पानांचं काय करू? पट्टी मोजली, चारच रेघा आहेत.

दत्ता_कंपोझिटर

दोन वाटा. पहिली, `-trim`:

```
jpegtran -copy all -trim -rotate 270 -outfile saral.jpg mool.jpg
```

हा न जमणाऱ्या चार रेघा टाकून देतो, पान २४८० बाय ३५०४ होतं. ३०० डीपीआयला चार पिक्सेल म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. तिथे स्कॅनरच्या काचेची कड असेल तर खुशाल टाका. ज्या पानात "श्री" कडेला टेकलाय तिथे टाकू नका.

त्या पानाला दुसरी वाट: चित्र हलवूच नका, फक्त एक्झिफमध्ये, म्हणजे फाईलसोबतच्या माहितीत, चिठ्ठी लावा की दाखवताना फिरवून दाखव.

```
exiftool -Orientation=8 -n shri.jpg
```

८ म्हणजे उलट दिशेने, ६ म्हणजे घड्याळाच्या दिशेने. एकही पिक्सेल जात नाही.

सरळमार्गी

मग सगळ्यांनाच चिठ्ठी लावा की! कशाला हा फरशांचा उद्योग? फोनचे कॅमेरे तेच करतात.

दत्ता_कंपोझिटर

चिठ्ठी सगळे वाचत नाहीत. छपाईच्या काही जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ते पान पुन्हा कुशीवर झोपेल, आणि दहा वर्षांनी कोण कशात उघडणार हे आपल्याला ठाऊक नाही. माझं मत, चित्रच सरळ असावं.

सरळमार्गी

मला नाही पटत. चिठ्ठी न वाचणारं सॉफ्टवेअर आज शोधावं लागतं. चार रेघा का होईना, तुम्ही मूळ कागदाचं काहीतरी टाकताय.

निशाचर

दोन्ही एकत्र मात्र करू नका. फोनच्या फोटोला चिठ्ठी आधीच असते. त्यावर `jpegtran -copy all` चालवलं की चित्र फिरतं, पण चिठ्ठी तशीच राहते आणि बघताना पुन्हा फिरतं. मी बहिणीच्या लग्नाचा अख्खा अल्बम असा उलथा केला होता. फिरवल्यावर `exiftool -Orientation=1 -n` चालवायचं, किंवा फोनच्या फोटोंना सरळ `exiftran -ai *.jpg`, तो चिठ्ठी बघून चित्र फिरवतो आणि चिठ्ठीही मिटवतो. पण तो त्याच फाईलवर लिहितो, आधी प्रत काढा.

जाईजुई

१५६ पानं `-trim` ने केली, "श्री"च्या पानाला चिठ्ठी लावली. (सरळमार्गी, अर्धा मान तुमचा.)

आता कापणं. पान १७ ला डावीकडे ७५ पिक्सेल आणि वर ११० पिक्सेल काळं आहे. मी

```
jpegtran -copy all -crop 2304x3296+75+110 -outfile k17.jpg s17.jpg
```

असं दिलं. पान कापलं गेलं, पण डावीकडे आणि वर काळी रेघ उरलीच. आकार बघितला तर २३१५ बाय ३३१०. मी मागितलेला तर वेगळाच होता!

दत्ता_कंपोझिटर

तोच नियम, डावीकडे आणि वर पूर्ण फरशी हवी. तुम्ही ७५ म्हणालात, चौकाच्या रेघा ६४ आणि ८० वर आहेत. तो कधीही तुमचं मागितलेलं कमी देत नाही, म्हणून मागे सरकून ६४ वर कापतो. वरून ११० चे ९६ केले. म्हणून डावीकडे ११ आणि वर १४ पिक्सेल काळे उरले, आणि तेवढ्यानेच आकार वाढला. उजवी आणि खालची कड जिथे म्हणाल तिथे कापता येते.

तुम्ही पुढे सरका: डावीकडून ८०, वरून ११२.

```
jpegtran -copy all -crop 2304x3296+80+112 -outfile k17.jpg s17.jpg
```

काळ्याच्या पुढचे ५ आणि २ पिक्सेल कागदाचे जातील. तिथे शाई असेल तर काळी रेघ राहू द्या, तिने कुणाचं काही बिघडत नाही. आणि रुंदी-उंची १६ च्या पटीत घेतलीत हे छान केलंत (२३०४ म्हणजे १४४ चौक, ३२९६ म्हणजे २०६). हे पान पुढे कुणी कसंही फिरवलं तरी पट्टी येणार नाही.

मोडीप्रेमी

माझ्याकडचे स्कॅन कृष्णधवल आहेत. त्यांनाही १६ च?

दत्ता_कंपोझिटर

खऱ्या अर्थाने करड्या फायली असतील तर रंगाची भानगड नाही, ८ च्या रेघांवर कापता येतं. ७५ चे ७२ होतील, ११० चे १०४. नुसता रंग न दिसणाऱ्या पण आत रंगीत असलेल्या फायली १६ च धरा. `exiftool -YCbCrSubSampling` विचारा: `4:2:0` आलं तर १६ बाय १६, `4:4:4` आलं तर ८ बाय ८. काहीच आलं नाही तर बहुधा करडी आहे.

तिरकस

माझा प्रश्न. पान दीड अंश तिरकं स्कॅन झालंय. `-rotate 1.5` चालेल का?

निशाचर

नाही. ९०, १८०, २७० एवढंच. दीड अंशाला प्रत्येक पिक्सेल नव्या जागी मोजावा लागतो, म्हणजे पूर्ण नक्कल. ते एकदाच करायचं, शेवटी, आणि मूळ फाईल बाजूला ठेवून.

पांढरा_उंदीर

म्हणजे एकदा सेव्ह केलं की संपलंच? मी तर वर्षानुवर्षं १०० वर सेव्ह करतोय, डोळ्याला काही दिसत नाही.

दत्ता_कंपोझिटर

मामा, तुमच्या बाजूनेही एक गोष्ट आहे. फरशांची जागा तीच आणि क्वालिटी तीच ठेवून पुन्हा पुन्हा सेव्ह केलं तर पहिल्या काही खेपांनंतर नुकसान जवळपास थांबतं, कारण आकडे आधीच त्या मापाचे झालेले असतात. खरी वाट लागते ती मधे तीन-चार पिक्सेल कापले की. फरशांच्या रेघा सरकतात, जुन्या फरशीची कड नव्या फरशीच्या पोटात येते, आणि सगळे आकडे नव्याने ओबडधोबड होतात. जाईजुईंनी नेमकं तेच केलं: फिरव, थोडं काप, सेव्ह, पुन्हा थोडं काप. आणि फाईल निम्मी झाली म्हणजे त्यांच्या गॅलरीची क्वालिटीही स्कॅनरपेक्षा कमी होती.

विदिशा

माझा फोटो मी आधी फॉर्मच्या मापात कापून मग ५० केबीचा केला. एकदाच सेव्ह. घेतला त्यांनी. 😀

जाईजुई

३१४ पानं झाली. मूळची वेगळ्या डिस्कवर ठेवली आहेत आणि फोल्डर फक्त वाचण्यापुरतं उघडं केलंय. उरलेल्या २६ पानांसाठी पुन्हा ट्रंक उघडावी लागणार. त्यातली दोन घडीवर फाटली आहेत, त्यांना परत स्कॅनरखाली घालायची भीती वाटते. मुंग्या आलेल्या प्रती वाचता येण्याइतक्या आहेत का?

मोडीप्रेमी

त्या दोन्ही पाठवा, बघतो. रोखा असेल तर आण्यांची खात्री देणार नाही.